काउंटरच्या उत्तराचे मार्क कापले गेलेत, सरांना मेल कसा करू? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावात डिप्लोमाच्या पोरांना डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून मराठी मीडियमात दहावी करून आलेली पोरं दर इंटरनलनंतर मला हेच विचारतात, आणि नव्वद टक्के वेळा प्रश्न काउंटर डिझाइनचाच असतो. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते. यातलं मुख्य उदाहरण खरं आहे. खानापूरच्या एका मुलीनं मलाच मेल केला होता आणि चूक माझ्या तपासण्यात होती.

मॅडम, दहापैकी पाचच पडल्यात, लगेच मेल टाकू का?

लगेच नको. आधी ब्लू बुक हातात घ्या आणि लाल पेन नक्की कुठं चाललंय ते बघा. काउंटरच्या दहा मार्कांच्या प्रश्नाला आमच्याकडं साधारण स्कीम असते, स्टेट डायग्रॅमला २, एक्सायटेशन टेबलसकट स्टेट टेबलला ३, के-मॅप आणि एक्स्प्रेशनला ३, सर्किटला २. म्हणजे "पाच गेले" असं काही नसतं, टेबलचा एक गेला, के-मॅपचे दोन गेले, सर्किटचे दोन्ही गेले असं असतं. ते कळल्याशिवाय मेल लिहायला बसलात तर "सर मी चांगलं लिहिलं होतं" याच्यापुढं वाक्यच सुचत नाही, आणि त्या वाक्यावर कोणी ब्लू बुक परत उघडत नाही.

माझी एक्स्प्रेशन्स सरांच्या बोर्डवरच्या उत्तरासारखी नाहीत. म्हणजे माझं चुकलंच ना?

इथंच सगळी पोरं घाबरतात आणि इथंच खरा मुद्दा आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

प्रश्न होता: जेके फ्लिप-फ्लॉप वापरून मॉड-६ सिंक्रोनस अप काउंटर डिझाइन करा. एवढंच. काउंटर ० ते ५ मोजणार आणि परत ० वर येणार. तीन फ्लिप-फ्लॉप लागतात, तिघांच्या मिळून आठ स्टेट होतात, त्यातल्या सहा वापरल्या, उरल्या दोन, ६ आणि ७. या दोन स्टेटचं काय करायचं हे प्रश्नात लिहिलेलं नव्हतं.

माझ्या स्कीममध्ये मी ६ आणि ७ दोघांची नेक्स्ट स्टेट ० धरली होती. त्या मुलीनं दोन्ही ओळींत डोन्ट केअर टाकले, म्हणजे सगळीकडं X. इथून पुढं दोघींचे के-मॅप वेगळे होणारच. QC सगळ्यात मोठा बिट धरला तर माझं उत्तर हे:

```
JA = QC' + QB'    KA = 1
JB = QC'.QA       KB = QA + QC
JC = QB.QA        KC = QA + QB
```

आणि तिचं हे:

```
JA = 1            KA = 1
JB = QC'.QA       KB = QA
JC = QB.QA        KC = QA
```

रात्री चाळीस ब्लू बुकं समोर ठेवून स्कीमशी जुळवत बसलं की सहापैकी तीन एक्स्प्रेशन जुळत नाहीत एवढंच दिसतं. मी के-मॅपला १ दिला, सर्किटला ० दिला, टेबलमधल्या X वर गोल करून तिथला १ कापला. पण तिचं उत्तर बरोबर होतं. उलट तिच्या सर्किटला दोन अँड गेट पुरतात, म्हणजे ७४७६ च्या दोन आयसी आणि ७४०८ ची एक. माझ्या सर्किटला त्याशिवाय तीन ऑर गेट लागतात, म्हणजे ७४३२ ची अजून एक आयसी. प्रश्नात बंधन नसताना डोन्ट केअर वापरणं ही चूक नाही, के-मॅप शिकवताना आम्हीच ते शिकवतो.

तर उत्तर वेगळं आहे म्हणून चूक, असं धरू नका. पण वेगळं आहे म्हणून बरोबर, असंही होत नाही. ते तपासावं लागतं.

मग मेल करण्याआधी तपासायचं कसं?

एका कोऱ्या कागदावर स्वतःच्या एक्स्प्रेशनमध्ये एकेक स्टेट घालून पुढची काढा. टेबल परत कॉपी करू नका, टेबलवरूनच तर एक्स्प्रेशन आली, त्यामुळं चूक तिथं असेल तर ती परत तशीच येणार. एक्स्प्रेशनवरून उलटं यायचं.

तिच्या उत्तरात स्टेट ५ घ्या, म्हणजे QC=1, QB=0, QA=1. JA आणि KA दोन्ही 1, म्हणून QA पलटी खाऊन 0 झाला. JB म्हणजे QC'.QA, QC 1 असल्यामुळं तो 0, आणि KB म्हणजे QA, तो 1, म्हणून QB रिसेट, 0 च राहिला. JC म्हणजे QB.QA, तो 0, आणि KC म्हणजे QA, तो 1, म्हणून QC पण 0. झालं `000`. पाचनंतर शून्य आला.

असं ० पासून ५ पर्यंत सहा वेळा करा, दहा मिनिटांचं काम आहे. सहाही बरोबर आल्या तर तुमच्या मेलला पाय आहे. एक जरी चुकली तर मेलचा विचार सोडा आणि ती कुठं चुकली ते शोधा.

६ आणि ७ पण तपासायच्या? त्या तर वापरतच नाही.

तपासायच्या, कारण सर पहिला प्रश्न हाच विचारणार. सप्लाय ऑन केल्यावर फ्लिप-फ्लॉप कुठल्या स्टेटला उठतील ते आपल्या हातात नसतं, तो ६ वर उठला तर पुढं काय, हे सांगता आलं पाहिजे.

तिच्या उत्तरात `110` घाला. QA पलटून 1 होतो, JB आणि KB दोन्ही 0 म्हणून QB तसाच, JC आणि KC पण 0 म्हणून QC तसाच. आला `111`. आता त्यात घाला, QA पलटून 0, JB 0 आणि KB 1 म्हणून QB 0, JC आणि KC दोन्ही 1 म्हणून QC पलटून 0. आला `000`. म्हणजे ६ वर अडकला तरी दोन क्लॉकमध्ये आपोआप लाईनवर येतो. माझ्या उत्तरात एका क्लॉकमध्ये येतो, फरक तेवढाच.

आता दुसरी बाजू पण बघा, कारण त्याच बॅचमध्ये एका मुलानं पण X च टाकले होते, पण KB आणि KC चे ग्रुप करताना ६ आणि ७ चे X घेतलेच नाहीत. त्याचं हे आलं, बाकी सगळं तिच्यासारखंच:

```
KB = QC'.QA
KC = QB'.QA
```

० ते ५ हे पण अगदी बरोबर मोजतं. पण `111` घालून बघा, JC 1 आणि KC 0 म्हणून QC 1 च, JB आणि KB दोन्ही 0 म्हणून QB 1 च, QA फक्त 0 झाला. आला `110`. आणि `110` वरून परत `111`. सहा, सात, सहा, सात, काउंटर तिथंच फिरत बसला, कधीच बाहेर येत नाही. याला लॉक-आउट म्हणतात. प्रश्नात सेल्फ-स्टार्टिंग असं लिहिलेलं नसेल तर या मुलाला पण बरेचसे मार्क मिळायला पाहिजेत असं माझं मत आहे, पण के-मॅप मिनिमाइझ झालेला नाही म्हणून एखादा कापला तर त्यावर वाद घालता येत नाही. म्हणून म्हणते, मेल टाकायच्या आधी आपण या दोघांपैकी कोण आहोत ते माहीत असू द्या.

लॅबमध्ये करून दाखवलं तर चालेल?

खूप चांगलं, पण सर हो म्हणाले तरच. ट्रेनर किटवर ७४७६ लावताना Vcc ५ नंबर पिनवर आणि ग्राउंड १३ वर येतो. नेहमीच्या कोपऱ्यातल्या पिनवर दिला की काही चालत नाही आणि पोरं म्हणतात डिझाइन चुकलं. प्रीसेट आणि क्लिअर दोन्ही लो-ॲक्टिव्ह आहेत, मोजताना ते हाय ठेवायचे. ६ दाखवायचा असेल तर C आणि B चा प्रीसेट क्षणभर लो करा, A चा क्लिअर लो करा, मग तिन्ही सोडून हाय करा आणि हातानं एकेक पल्स द्या. त्या मुलीनं माझ्यासमोर असंच केलं, दोन एलईडी पेटलेले होते, एका पल्सला तिसरा पण पेटला, पुढच्या पल्सला तिन्ही एकदम विझले. ते बघितल्यावर मला विचारायला काही उरलं नाही.

कुठल्या चुकीवर मेल करूच नये?

प्रश्नात सिंक्रोनस लिहिलंय आणि तुम्ही रिपल काढलाय, म्हणजे पहिल्या फ्लिप-फ्लॉपचा आउटपुट दुसऱ्याच्या क्लॉकला दिलाय, तर तो मोजत असला तरी विचारलेलं उत्तर नाही ते.

आणि प्रश्न रिपल मॉड-६ चा असेल तर क्लिअरचं गेट बघा. QC आणि QB नँडमधून घेऊन क्लिअरला द्यायचे असतात, ६ आला की नँडचा आउटपुट लो होतो आणि सगळे क्लिअर होतात. काहीजण तिथं अँड काढतात आणि म्हणतात एका बबलसाठी मार्क कापले. पण अँड असेल तर ० ते ५ मध्ये त्याचा आउटपुट लो असतो, म्हणजे क्लिअर कायम दाबलेला, काउंटर शून्यावरून हलणारच नाही. तो बबल म्हणजेच अख्खं डिझाइन आहे तिथं.

मेल मराठीत लिहू की इंग्लिशमध्ये?

आपल्या भागात हा प्रश्न खरा आहे. सर कन्नड बोलणारे असतील तर इंग्लिशमध्ये लिहा, कन्नड नीट लिहिता येत असेल तर कन्नडमध्ये पण चालेल. वर्गात तुमच्याशी मराठीत बोलणाऱ्या मॅडम असतील तर मराठीत लिहायला काही हरकत नाही, फक्त टेक्निकल शब्द ब्लू बुकात जसे आहेत तसेच ठेवा, "गणक" वगैरे करत बसू नका. इंग्लिश कच्चं आहे म्हणून मेलच टाकत नाहीत अशी पोरं मी बघितल्यात आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. चार साधी वाक्यं आणि एक्स्प्रेशन एवढंच लागतं, एक्स्प्रेशन कुठल्याच भाषेचं नसतं.

मेलमध्ये नक्की काय लिहायचं?

त्या मुलीचा मेल तिला विचारून इथं देते, नाव आणि रजिस्टर नंबर काढलाय.

विषय: पहिली इंटरनल, प्रश्न ३ ब, मॉड-६ काउंटर, उत्तर परत बघण्याबद्दल विनंती

मॅडम नमस्कार,

मी तिसऱ्या सेमची विद्यार्थिनी. पहिल्या इंटरनलमध्ये प्रश्न ३ ब, जेके वापरून मॉड-६ सिंक्रोनस काउंटर, याला मला १० पैकी ५ मार्क आहेत. वेळ मिळेल तेव्हा हे उत्तर एकदा परत बघाल का अशी विनंती आहे.

तुम्ही वर्गात सोडवलेल्या उत्तरात ६ आणि ७ ची नेक्स्ट स्टेट ० घेतली आहे. मी त्या दोन ओळी डोन्ट केअर धरल्या, कारण प्रश्नात त्याबद्दल सांगितलेलं नव्हतं. त्यामुळं माझं JA, KB आणि KC वेगळं आलं आहे. माझ्या एक्स्प्रेशनमध्ये सगळ्या आठ स्टेट घालून बघितल्या, ० ते ५ क्रमानं येऊन परत ० होतो, आणि ६ वरून ७, ७ वरून ० असं जातो. तो कागद आणि ब्लू बुकाच्या दोन पानांचा फोटो सोबत जोडला आहे.

सर्किटमध्ये तिसऱ्या फ्लिप-फ्लॉपला क्लॉकची लाइन जोडायची माझ्याकडून राहिली आहे, ती चूक मला मान्य आहे.

माझ्या समजण्यात काही चुकत असेल तर कृपया सांगा. तुम्ही म्हणाल त्या वेळी स्टाफरूममध्ये ब्लू बुक घेऊन येते.

आपली विद्यार्थिनी

बस, एवढंच. मोबाइलवर दोनदा बोट फिरवलं की संपतो. कुठला पेपर, कुठला प्रश्न, किती मार्क हे पहिल्या तीन ओळींत आलं, त्यामुळं मला शोधायला लागलं नाही. फरक कुठून सुरू झाला ते तिनं एका वाक्यात सांगितलं, ६ आणि ७. ते वाक्य वाचलं आणि माझ्या लक्षात आलं की मी काय केलंय.

स्वतःची चूक कशाला सांगायची? त्यानं अजून मार्क जातील.

ती क्लॉकची लाइन मी तपासताना बघितली पण नव्हती, कारण सर्किटच अख्खं कापलं होतं. तिनं सांगितलं म्हणून दिसली. सिंक्रोनस काउंटरमध्ये तिन्हीना एकच क्लॉक हा मूळ मुद्दा आहे, तर त्याचा १ मार्क गेलाच. पण टेबलचे ३, के-मॅपचे ३ आणि सर्किटचा १ मिळाला, स्टेट डायग्रॅमचे २ आधीच होते, ५ चे ९ झाले. आणि मी ब्लू बुक परत उघडली की लाइन मला दिसणारच होती. मला दिसण्याआधी तिनं सांगितली, त्यामुळं बाकी तिनं जे लिहिलंय ते पण नीट तपासून लिहिलंय असं मला वाटलं.

"प्लीज दोन मार्क वाढवा, पास व्हायला कमी पडतात" असं लिहिलं तर?

नका लिहू. घरची अडचण खरी असते, मला माहीत आहे, सकाळची पहिली बस पकडून येणारी पोरं आहेत तुम्ही. पण त्या वाक्यानं विषय काउंटरवरून दयेवर जातो, आणि मग सरांना हो म्हणायचं असलं तरी म्हणता येत नाही, कारण बाकीच्या चाळीसजणांना काय सांगणार. "उत्तर परत बघाल का" एवढंच मागा. मार्क किती द्यायचे तो आकडा तुम्ही लिहूच नका.

मित्राला याच उत्तराला ८ दिलेत, ते लिहू का?

नको. मित्राचं ब्लू बुक परत तपासायला मागवलं आणि त्याचेच कमी झाले असं पण होतं. तुमचा मुद्दा आठ स्टेटच्या कागदावर उभा राहू दे. भेटल्यावर सरांनी स्वतः विचारलं तर खरं काय ते सांगा.

कधी पाठवायचा, आणि रिप्लाय नाही आला तर?

ब्लू बुक मिळाली की एक-दोन दिवसांत. मार्क बघून ब्लू बुकवर सही करायच्या आधी झालं तर उत्तम, आणि इंटरनलचे मार्क ऑनलाइन चढायच्या आत तर नक्कीच, एकदा चढले की लेक्चररला पण बदलणं अवघड होतं. दोन-तीन दिवस रिप्लाय नाही आला तर दुसरा मेल टाकण्यापेक्षा स्टाफरूममध्ये जाऊन "मॅडम, मेल केला होता, बघितला का" एवढं विचारा. व्हॉट्सॲपच्या क्लास ग्रुपवर मात्र टाकू नका, चारचौघांत विचारलं की कोणालाही आधी स्वतःची बाजूच धरावीशी वाटते.

सेमिस्टर एक्झामच्या पेपरला पण असाच मेल करायचा?

नाही, तो पेपर तुमच्या लेक्चररच्या हातातच नसतो. तिथं बोर्डाकडं फोटोकॉपी मागवायची आणि मग रिव्हॅल्युएशनला अर्ज करायचा, त्याची फी आणि शेवटची तारीख कॉलेजच्या नोटीस बोर्डवर लागते. फोटोकॉपी आली की आठ स्टेट घालून बघायचं काम तिथं पण तसंच करा, अर्जाचे पैसे भरायचे की नाही ते त्यावरूनच ठरेल.

सरांनी बघितलं आणि तरी नाही म्हणाले तर?

कारण विचारा, एकदाच, आणि ते लिहून घ्या. बऱ्याचदा कारण असतं. "अनयूज्ड स्टेट ० ला न्यायच्या असं मी शिकवताना सांगितलं होतं" असं म्हणाले तर तुमच्या वहीत ते वाक्य आहे का बघा. असेल तर विषय संपला, नसेल तर "सर, वहीत नाहीय, पुढच्या वेळी प्रश्नातच द्याल का" असं म्हणता येतं. त्या मेलनंतर मी स्वतः पेपर काढताना प्रश्नाखाली एक ओळ घालते: अनयूज्ड स्टेट डोन्ट केअर धरल्या तरी चालतील.